धागा: फोनवरच्या पेमेंटचं ठिपक्यांचं चलचित्र. परतीचा ठिपका आलाच नाही, तर पडद्यावर काय दाखवायचं?

अनघा_विश्रामबाग

सांगलीत आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात दुकानदारांसाठी तासाभराचा कार्यक्रम आहे. त्यात पडद्यावर दाखवायला मी एक छोटं चलचित्र करते आहे. यूपीआयचं पेमेंट एका बँकेतून दुसऱ्या बँकेत कसं पोचतं, हा विषय. सात वर्तुळं आणि त्यांच्यामधून जाणारे ठिपके, एवढंच. निवेदन मी स्वतः समोर उभी राहून करणार.

उदाहरण आपल्याकडचंच घेतलं आहे. वखारभागातला एक दुकानदार मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला तंबोऱ्याच्या दुरुस्तीचे ४,२०० रुपये पाठवतो. दोघांची खाती वेगवेगळ्या बँकांत आहेत. वर्तुळं अशी: दुकानदाराचा फोन, त्याच्या ॲपची बँक, मधोमध यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा, बँकाबँकांचे निरोप इकडून तिकडे करणारा स्विच, दुकानदाराच्या खात्याची बँक, कारागिराच्या खात्याची बँक, कारागिराच्या ॲपची बँक आणि शेवटी कारागिराचा फोन.

ठिपक्यांचा क्रम असा लावला आहे. दुकानदार पिन टाकतो, तेव्हा त्याच्या ॲपच्या बँकेकडून स्विचकडे एक ठिपका जातो. स्विच आधी कारागिराच्या ॲपच्या बँकेला विचारतो, की या यूपीआय आयडीच्या मागे खातं कुठलं? उत्तर आलं, की दुकानदाराच्या बँकेला ठिपका जातो: ४,२०० नावे टाका. ती बँक पिन तपासते, शिल्लक बघते, पैसे कापते आणि 'झालं' म्हणून कळवते. मग कारागिराच्या बँकेला ठिपका: ४,२०० जमा करा. तीही 'झालं' म्हणते. शेवटी स्विचकडून दोन्ही बाजूंच्या ॲपना निरोप जातो आणि दोन्ही फोनवर हिरवी खूण येते.

इथवर सरळ आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. पैसे कापले गेले, 'जमा करा' हा ठिपका कारागिराच्या बँकेकडे गेला आणि तिकडून उत्तरच आलं नाही. दुकानदारांना सगळ्यात जास्त त्रास याच प्रसंगाचा होतो. तो ठिपक्यांनी कसा दाखवावा?

पप्या_मिरज

चित्र छान होईल. पण सात वर्तुळं कशाला? तीन पुरे. पाठवणारी बँक, एनपीसीआय, घेणारी बँक. पैसे कापले की ते एनपीसीआयकडे जातात आणि तिथून पुढच्या बँकेत. अडकले तर एनपीसीआयकडे अडकतात. मधल्या वर्तुळात रुपयाचं चिन्ह लुकलुकताना दाखव, लोकांना लगेच समजेल.

जुना_रिकनवाला

पप्या, तीन बँका-संस्था मध्ये असतात हे तुझं अर्धं बरोबर आहे. पण मधल्या वर्तुळात रुपया अजिबात दाखवू नका. माझी नोकरी बँकेच्या ताळमेळ विभागात गेली. दिवसभर काम एकच, हा व्यवहार कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधायचं. त्यावरून सांगतो.

स्विचमधून पैसा जातच नाही. जातात ते निरोप. 'नावे टाका', 'टाकलं', 'जमा करा', 'केलं'. दुकानदाराची बँक त्याच्या खात्यातून ४,२०० कमी करते ते स्वतःच्या पुस्तकात. कारागिराची बँक त्याच्या खात्यात ४,२०० वाढवते तेही स्वतःच्याच पुस्तकात. त्या क्षणी एका बँकेकडून दुसरीकडे एक रुपयाही गेलेला नसतो. बँकाबँकांचा हिशेब नंतर होतो. दिवसातून ठरलेल्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत कोणाचं कोणाला किती देणं-घेणं याची वजावट काढतात आणि निव्वळ रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून इकडची तिकडे होते. मार्केट यार्डात अडते एकमेकांच्या पट्ट्यांची वजावट करून उरलेली रक्कमच देतात, तसंच.

म्हणून अनघाताई, ठिपक्याला रुपयाचं चिन्ह लावलं नाहीत ते योग्य केलंत. रुपया दाखवायचाच असेल, तर तो सगळ्यात शेवटी, वेगळ्या रंगात, थेट एका बँकेकडून दुसरीकडे, आणि त्या दोघींच्या मध्ये रिझर्व्ह बँकेचं आठवं वर्तुळ.

पप्या_मिरज

म्हणजे कारागिराच्या बँकेनं स्वतःच्या खिशातून आधी दिले आणि मग वसूल केले?

जुना_रिकनवाला

फेरी होईपर्यंत तसंच म्हणायचं. व्यवस्थेच्या हमीवर ती आधी जमा करते.

शेवंता_गावभाग

माझी शंका याच विषयातली. माझं फरसाण-भडंगचं दुकान आहे. काउंटरवरचा डबा कधी कधी पैसे आल्याचं बोलतच नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवर मात्र हिरवं दिसतं. तो डबा बँकेला जोडलेला असतो ना? मग त्याचं वर्तुळ कुठं आहे चित्रात?

अनघा_विश्रामबाग

शेवंताताई, मी उत्तर न येण्याबद्दल विचारते आहे ते बँकेकडून. पण तुमच्या डब्याचं वर्तुळ खरंच राहिलं आहे, तेही हवं.

जुना_रिकनवाला

डबा तुमच्या खात्याकडे बघून बोलत नाही. व्यवहार पुरा झाल्याचा निरोप तुमच्या क्यूआरच्या कंपनीकडे येतो, कंपनी तो डब्यातल्या सिमकार्डावरून डब्याला पाठवते. नेटवर्क गेलं तर डबा गप्प, पण खात्यात पैसे आलेले असतात. म्हणून अनघाताईंच्या चित्रात तो कारागिराच्या ॲपच्या बाजूला, सगळ्यात टोकाला येईल. डबा बोलला नाही म्हणून गिऱ्हाइकाला परत द्यायला लावू नका. व्यापाऱ्यांच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी असते, ती उघडून बघा. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा बारा अंकी क्रमांक त्या यादीतल्या क्रमांकाशी जुळला, की झालं.

आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरच्या नुसत्या हिरव्या खुणेवरही विसंबू नका. तसं चित्र दाखवणारी खोटी ॲप आहेत.

हळद_व्यापारी

तुम्ही ठिपके रंगवताय, माझे खरेच गेले होते. टेंपोवाल्याला १२,००० पाठवले. माझ्या खात्यातून कापले, त्याला मिळाले नाहीत. ॲपवर 'पेंडिंग'. तो गाडी सोडेना, म्हणून मी पुन्हा १२,००० पाठवले, ते लगेच गेले. दुसऱ्या दिवशी पहिलेही त्याच्या खात्यात जमा! माणूस चांगला म्हणून परत दिले. पण त्याआधी माझ्या बँकेच्या शाखेत गेलो तर म्हणाले, आमच्याकडून गेलेत. त्याच्या बँकेत विचारलं तर म्हणाले, ज्यानं पाठवले त्याच्या बँकेत जा. मग त्या रात्री माझे पैसे होते तरी कुठं? हे तुमच्या चित्रातून समजणार असेल तर चित्राला अर्थ आहे.

जुना_रिकनवाला

समजेल. आणि अनघाताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, म्हणून सावकाश लिहितो.

'जमा करा' हा निरोप स्विचनं पाठवला. उत्तराला मुदत असते. ती पूर्वी ३० सेकंद होती, जून २०२५ पासून १५ सेकंद केली. तेवढ्यात उत्तर आलं नाही. आता स्विचच्या जागी उभं राहून विचार करा. दोन शक्यता आहेत. एक, निरोप टेंपोवाल्याच्या बँकेत पोचलाच नाही किंवा तिच्या यंत्रणेत पडून राहिला, पैसे जमा झालेले नाहीत. दोन, निरोप पोचला, पैसे जमाही झाले आणि 'केलं' हे उत्तर वाटेत हरवलं. स्विचला दोन्ही सारखंच दिसतं. त्याच्या दृष्टीनं फक्त शांतता असते.

अशा वेळी स्विचनं 'व्यवहार फसला, पैसे परत करा' असं ठरवलं आणि खरी होती दुसरी शक्यता, तर एकाच रकमेचे दोन धनी होतील. हळदवाल्यांचे पैसे त्यांना परत आणि टेंपोवाल्यालाही जमा. म्हणून नियम उलटा आहे. पैसे कापल्याची खात्री आहे आणि जमा झाल्याचं उत्तर नाही, असा व्यवहार झाला असंच धरून चालतात. बँकेत आम्ही त्याला 'डीम्ड' म्हणायचो. वजावटीच्या फेरीत तो झालेल्या व्यवहारांतच मोजला जातो. म्हणजे हळदवाल्यांच्या बँकेकडून १२,००० टेंपोवाल्याच्या बँकेला मिळून जातात.

तेव्हा 'त्या रात्री पैसे कुठं होते' याचं उत्तर: फेरी झाल्यावर पैसे टेंपोवाल्याच्या बँकेकडे होते, त्याच्या खात्यात मात्र नव्हते. त्या बँकेनं ताळमेळ करून एकतर ते खात्यात टाकायचे, किंवा टाकता येत नसतील तर परत पाठवायचे. तुमच्या शाखेनं 'आमच्याकडून गेलेत' म्हणून सांगितलं ते खरं होतं, फक्त पुढचं अर्धं सांगितलं नाही. दुसऱ्या शाखेचं उत्तर मात्र चूक. काम त्यांच्याच बँकेचं होतं.

हळद_व्यापारी

हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा पाठवलेच नसते.

सुतार_कोड

चित्राबद्दल बोलतो. मी वेबसाइटची कामं करतो. यासाठी मोठं सॉफ्टवेअर नको, एसव्हीजीमध्ये पंधराएक ओळींत होतं. स्विच आणि कारागिराची बँक ही दोनच वर्तुळं घेऊन नमुना देतो. नारिंगी ठिपका जातो, तो पोचल्यावर सेकंदभरानं हिरवा परत येतो.

```html
<svg viewBox="0 0 400 100">
  <circle cx="60" cy="50" r="20" fill="#ccc"/>
  <circle cx="340" cy="50" r="20" fill="#ccc"/>
  <circle r="6" fill="orange">
    <animateMotion id="ja" dur="2s" fill="freeze"
      path="M60 50 H340"/>
  </circle>
  <circle r="6" fill="green" visibility="hidden">
    <set attributeName="visibility" to="visible"
      begin="ja.end+1s"/>
    <animateMotion id="ye" dur="2s" fill="freeze"
      begin="ja.end+1s" path="M340 50 H60"/>
  </circle>
</svg>
```

फाइल .html नावानं साठवून ब्राउझरमध्ये उघडली की चालते. `begin="ja.end+1s"` हे महत्त्वाचं. प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्याच्या शेवटाला बांधला, की सातही वर्तुळांचा क्रम आपोआप लागतो, सेकंद मोजत बसावे लागत नाहीत. उत्तर हरवलेलं दाखवायचं असेल तर हिरव्याचा मार्ग `M340 50 H200` करा, म्हणजे तो अर्ध्यात थांबेल. मग `ye.end` ला आणखी एक `set` लावून त्याला दिसेनासा करा.

अनघा_विश्रामबाग

फार उपयोग होईल, धन्यवाद. काकांचं वाचून एक सुचतंय. नारिंगी ठिपका अर्ध्यात विझतो, असं एकच चित्र दाखवलं तर बघणाऱ्यांना वाटेल, की पैसे नक्कीच पोचले नाहीत. आणि तिथंच माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. म्हणून पडद्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करावेत का? वर नारिंगी ठिपका वाटेत हरवतो. खाली नारिंगी पोचतो, कारागिराच्या बँकेच्या वर्तुळात ४,२०० उमटतात आणि हिरवा येताना हरवतो. दोन्ही भागांत स्विचचं वर्तुळ आणि दुकानदाराचा फोन अगदी एकसारखे दिसतील. फोनवर तेच पिवळं 'पेंडिंग'.

जुना_रिकनवाला

असंच करा. मी नोकरीत नव्या मुलांना हे कागदावर काढून दाखवायचो.

पुढे एक ठिपका वाढवा. उत्तर आलं नाही म्हणून सगळे गप्प बसत नाहीत. ॲपची बँक स्विचला 'या व्यवहाराचं काय झालं?' असं विचारू शकते, आणि प्रत्येक वेळी व्यवहाराचा तोच जुना क्रमांक असतो. तो क्रमांक दोन्ही बँकांच्या नोंदीत असल्यामुळे एकच रक्कम दोनदा जमा होत नाही. हळदवाल्यांनी पुन्हा पाठवले तो मात्र नवा क्रमांक, म्हणून व्यवस्थेसाठी तो वेगळाच व्यवहार. तो अडवायला कुणी नव्हतं.

वकील_बाई

पण प्रत्येक वेळी समोरच्याच बँकेकडे बोट कसं दाखवता येईल? माझ्या भावाच्या ॲपवर 'फेल' असं स्पष्ट लिहिलं होतं आणि तरी पैसे कापलेले होते. त्याचे त्याच्याच बँकेनं परत केले.

जुना_रिकनवाला

ताई, तो प्रकार वेगळा, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. तिथं शांतता एक टप्पा आधी पडलेली असते. 'नावे टाका' हा निरोप भावाच्या बँकेकडे गेला आणि कापल्याचं उत्तर मुदतीत आलं नाही. कापले की नाही हेच माहीत नाही म्हटल्यावर स्विच पुढचं पाऊल टाकतच नाही. 'जमा करा' हा ठिपका निघतच नाही. व्यवहार 'फेल' ठरतो आणि भावाच्या बँकेला उलटा निरोप जातो, की कापले असतील तर परत टाका. बहुतेक वेळा ते लगेच होतं. तो उलटा निरोपही अडकला, तर बँकेच्या ताळमेळात सापडेपर्यंत थांबावं लागतं. पैसे त्या बँकेबाहेर गेलेलेच नसतात, म्हणून परतही तीच करते.

तेव्हा फोनवर 'फेल' आणि पैसे कापलेले, तर आपली बँक. फोनवर 'पेंडिंग' आणि पैसे कापलेले, तर समोरच्याची बँक. तक्रार मात्र दोन्ही वेळा आपल्याच ॲपमधून किंवा आपल्या बँकेतून करायची, बारा अंकी क्रमांक देऊन. तिथून ती योग्य बँकेकडे जाते. शाखेत जाऊन क्रमांक न देता नुसतं 'पैसे अडकले' म्हटलं, तर समोरच्या क्लार्कला शोधायला काहीच हाताशी नसतं.

वकील_बाई

मुदतीचं मी सांगते, ते माझ्या कामातलं आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा करता आले नाहीत, तर घेणाऱ्याच्या बँकेनं ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपणहून परत करायचे. दुकानाच्या क्यूआरवर भरलेले असतील आणि दुकानदाराला पावती गेली नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवस कॅलेंडरचे धरायचे, म्हणजे रविवार, गणपतीची सुट्टी काहीही असो. आणि भरपाई ग्राहकानं मागायची वाट न बघता द्यायची, असंही त्यात आहे. अनघाताई, तुमच्या उदाहरणातला कारागीर स्वतःच्या साध्या आयडीवर पैसे घेतो की दुकानाच्या क्यूआरवर, हे चित्रात ठरवा. मुदत त्यावर बदलते.

हळद_व्यापारी

१०० रुपये आपणहून दिलेले मी तरी कुणाच्या पासबुकात बघितलेले नाहीत.

वकील_बाई

मागितल्यावर मिळालेले मी बघितलेत. न मागता किती जणांना मिळतात, यावर माझं मत तुमच्यासारखंच आहे. बँकेकडून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही.

पप्या_मिरज

एक अजून पटत नाही. ॲपच्या बँकांची वेगळी वर्तुळं कशाला? माझं ॲप आहे, माझं खातं आहे, संपलं.

सुतार_कोड

पप्या, तुझ्या आयडीत @ च्या पुढे काय आहे ते बघ. `@ybl` असेल तर ती येस बँक, `@okhdfcbank` असेल तर एचडीएफसी. तुझं खातं त्या बँकेत आहे का?

पप्या_मिरज

नाही. खातं आमच्या सहकारी बँकेत आहे.

जुना_रिकनवाला

मग तुझ्यासाठीच ती वर्तुळं वेगळी. @ च्या पुढची बँक ॲपला स्विचशी जोडून देते. तिला तुझी शिल्लक माहीत नसते. पिनही कळत नाही, कारण पिन टाकायचा पडदा ॲपचा नसून एनपीसीआयचा असतो आणि पिन फोनमध्येच कुलूपबंद होऊन निघतो. तो तपासते तुझ्या खात्याची बँक. कार्यक्रमात कुणी विचारेलच, की 'ॲपवाल्याला माझा पिन कळतो का?' तर अनघाताई, पिनसाठी वेगळ्या रंगाचा ठिपका ठेवा. तो ॲपच्या बँकेतून बंदच जाऊ दे आणि खात्याच्या बँकेत पोचल्यावरच उघडू दे.

सहकारी बँकेवरून आठवलं. काही छोट्या सहकारी बँका स्विचला थेट जोडलेल्या नसतात, एखाद्या मोठ्या बँकेमार्फत जातात. म्हणजे तिथं आणखी एक वर्तुळ, आणि शांतता पडायला आणखी एक जागा. आपल्या जिल्ह्यात अशी खाती पुष्कळ आहेत.

अनघा_विश्रामबाग

मग वर्तुळं नऊ-दहा होतील. पडद्यावर गर्दी होईल आणि मुख्य मुद्दा हरवेल, असं मला वाटतं.

शेवंता_गावभाग

माझंही खातं अशाच बँकेत आहे. ते वर्तुळ काढलं नाही, तर चित्र माझं होणार नाही. मला तर तेच बघायचंय.

सुतार_कोड

पहिल्या फेरीत सात ठेवा. 'पेंडिंग'च्या प्रसंगात बाकीची वर्तुळं पुसट करून फक्त स्विच, मधली मोठी बँक आणि सहकारी बँक दाखवा. तिथं ठिपका हरवायच्या जागा दोनाच्या चार होतात, पण स्विचला दिसणारी शांतता तीच राहते.

जुना_रिकनवाला

मला शेवंताबाईंचं पटतं. पण ताळमेळाच्या वेळी मधल्या बँकेचं वर्तुळ कुठल्या रंगात दाखवायचं, ते विचार करून सांगतो. वजावट होते ती मधल्या बँकेच्या खात्यावर. ती आणि सहकारी बँक यांच्यातला हिशेब त्या दोघींच्या कराराप्रमाणे होतो, आणि तो सगळीकडे एकसारखा नसतो.

अनघा_विश्रामबाग

चालेल. तोवर वर-खाली दोन भागांचा तुकडा रविवारपर्यंत करून इथं टाकते. स्विचची १५ सेकंदांची वाट मी तीन सेकंदांत आणणार होते. पण आता वाटतंय, ती पूर्ण १५ सेकंदच ठेवावी. दोन्ही ठिपके थांबलेले, फोन पिवळा, आणि सगळ्यांना तेवढा वेळ बघू द्यावं.

हळद_व्यापारी

पूर्ण ठेवा. आणि पिवळ्या फोनच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा, 'पुन्हा पाठवू नका'.